बचत खात्यातली किमान शिल्लक: दंड कधी, किती आणि कोणाला माफ

शाखेत लावलेल्या आधीच्या सूचनेत 'सरासरी मासिक शिल्लक न राखल्यास नियमानुसार आकार लागू' एवढंच लिहिलं होतं. ते वाचून अनेकांनी काउंटरवर येऊन अर्थ विचारला. चूक आमच्या लिहिण्याची होती. त्या सूचनेऐवजी आता हा मजकूर वाचावा.

साध्या बचत खात्यात महिन्याची सरासरी २,००० रुपये असावी लागते. एखाद्या दिवशी खात्यात ५०० रुपयेच उरले म्हणून दंड लागत नाही. रोज दिवसअखेरीची शिल्लक धरून महिन्याची बेरीज करायची आणि तिला महिन्याच्या दिवसांनी भागायचं. समजा, सप्टेंबरमध्ये १० दिवस २,६०० रुपये होते आणि उरलेले २० दिवस ५००. बेरीज ३६,०००, भागिले ३०, म्हणजे सरासरी १,२००. तूट ८०० रुपयांची.

दंड तुटीच्या ५ टक्के, म्हणजे इथे ४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ७ रुपये २० पैसे. एकूण ४७ रुपये २० पैसे. तूट कितीही असली तरी महिन्याला १०० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त कापलं जात नाही. दंडामुळे खातं उणे होत नाही: शिल्लक २० रुपयेच असेल तर २० रुपयेच जातील, बाकीचे पुढच्या महिन्यावर चढत नाहीत.

पैसे लगेच कापले जात नाहीत. आधी एसएमएस येतो. त्या तारखेपासून एक महिन्यात खात्यात २,००० रुपये झाले, तर त्या तुटीचा दंड नाही. मोबाइल नंबर बदललाय आणि बँकेत जुनाच आहे, अशा खातेदारांना हा एसएमएस मिळतच नाही. नंबर आधी बदलून घ्या.

जनधन आणि मूलभूत बचत खात्यांना किमान शिल्लक लागत नाही. पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदान जमा होणारी खाती, १८ वर्षांखालील मुलांची खाती आणि दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेली खाती यांनाही दंड नाही. पगार खात्याला सूट आहे, पण पगार येतोय तोवरच. सलग तीन महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि वरचा नियम लागतो. नोकरी बदलणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते.

आजारपण किंवा घरातला मृत्यू यामुळे शिल्लक राखता आली नसेल, तर दंड कापल्यापासून ६० दिवसांत साध्या कागदावर अर्ज द्या. वर्षातून एकदा दंड परत करण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्यांना आहे. २,००० रुपये ठेवणं दर महिन्यालाच जड जात असेल, तर खातं मूलभूत बचत खात्यात बदलून घ्या; मात्र मग आपल्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येणार नाही.

दंड चुकीचा वाटला तर शाखेत लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी फोन: १४४४८.