मेणवली घाट, जलरंग : वर्गातल्या चर्चेसाठी टिपण

फोटोवरून लिहितेय, म्हणून आधी एक खुलासा. चित्राभोवती सोडलेली कोऱ्या कागदाची पट्टीही फोटोत पिवळी आलीय. कागद पांढरा आहे, म्हणजे हा पिवळेपणा खोलीतल्या दिव्याचा. मूळ चित्रातलं आभाळ यापेक्षा थंड असणार, असं धरून चाललेय. खालच्या डाव्या कोपऱ्यावर मोबाइलची सावली पडलीय, त्या भागाबद्दल आत्ता काही म्हणत नाही.

पायऱ्या डावीकडून तिरक्या उतरत पाण्यात शिरतात आणि नजरही त्यांच्याबरोबर उतरते. उजवीकडे झाडाचं गडद प्रतिबिंब तिला अडवून परत आत वळवतं. हे छान जमलंय. अडचण आहे ती वसईच्या घंटेच्या त्या छोट्या देवळाची. ते अगदी मधोमध बसल्यामुळे चित्राचे दोन सारखे भाग झालेत. दोन बोटं डावीकडे घेतलं असतंस, तर नदीला मोकळी जागा मिळाली असती.

आता पायऱ्यांवरची सावली. या चित्राचा जीव तिच्यात आहे. दगड काळा म्हणून तू काळा रंग घेतला नाहीस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच, ओल्यात मिसळू दिलेस. त्यामुळे कडेला निळसर झाक उरली आणि आत तपकिरी ऊब आली. शेजारच्या पायरीवर कोरा कागद तसाच राखलास, म्हणून तिथे खरंच ऊन पडल्यासारखं वाटतं. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आठव. तेही जलरंगातलंच, तिथला उजेड भोवतीच्या अंधारामुळे इतका उजळतो.

झाडांमध्ये ही समज दिसत नाही. अलीकडची आणि पलीकडच्या काठावरची, सगळी एकाच सॅप ग्रीनमध्ये आहेत. म्हणून पलीकडचा काठ पुढे येतो आणि नदी अरुंद वाटते. तिथे रंग पातळ आणि जरा निळसर हवा होता.

ब्रशचं काम दोन वेगळ्या हातांनी केल्यासारखं झालंय. पायऱ्या चपट्या ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात आल्यात. कोरड्या ब्रशने दगडाचा खरखरीतपणाही नेमका उमटलाय. घंटेभोवती मात्र बारीक ब्रशने रेघ फिरवलीस, तिथे रंगवणं थांबून रेखाटन सुरू झालं. पाण्यात पहिला वॉश अर्धवट ओला असतानाच दुसरा दिलास, म्हणून उजवीकडे तो फुलकोबीसारखा डाग उठला आणि पाणी मातकट झालं. वॉश एकतर पूर्ण ओला असताना भिडव, नाहीतर पूर्ण सुकू दे.

या कागदाला आता हात लावू नकोस. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाच घाट फक्त तीन टोनमध्ये कर, देऊळ बाजूला सरकवून. सावली सगळ्यात गडद राहू दे, घंटा तिच्याहून फिकी. मूळ चित्राचा फोटो दिवसा खिडकीशी, थेट ऊन टाळून, मोबाइल कागदाला समांतर धरून पुन्हा काढ. शुक्रवारी दोन्ही शेजारी लावून बघू.