‘स्थान, ओटा आणि पोथी’ : विभागीय चर्चासत्रासाठी निमंत्रण

तत्त्वज्ञान विभाग, अमरावती
दिनांक : ५ जानेवारी २०२६

सन्माननीय प्राध्यापक महोदया,
सादर नमस्कार.

महानुभाव पंथातील स्थान-संकल्पनेवर आमच्या विभागात शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६ रोजी एक दिवसाचे चर्चासत्र होत आहे. त्याचे बीजभाषण आपण करावे आणि दुपारच्या पाठवाचनाचे मार्गदर्शनही करावे, अशी विभागाची मनापासून विनंती आहे.

विषय नेमका असा. देवतापूजा नाकारणारा हा पंथ श्रीचक्रधरस्वामी जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागी ओटा बांधतो आणि त्या ओट्याला दंडवत घालतो. ‘मग ही मूर्तिपूजाच नव्हे काय?’ असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. पंथाचे स्वतःचे उत्तर आहे : परमेश्वराच्या असन्निधानात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक यांचा आधार घ्यायचा. म्हणजे ओट्याचे महत्त्व दगडात नसून अवताराशी आलेल्या संबंधात आहे. हा ‘संबंध’ लीळाचरित्रातल्या प्रसंगांतून कसा उभा राहतो आणि स्थानपोथी तो जमिनीवर कसा नेऊन ठेवते, हे आपल्याकडून ऐकायचे आहे. पंथाचा इतिहास थोडक्यात आला तरी चालेल, तो विद्यार्थ्यांनी वाचलेला आहे.

बीजभाषण सकाळी १०.३० वाजता : ५० मिनिटे मांडणी, ४० मिनिटे चर्चा. पाठवाचन दुपारी २ ते ३.३०. पाठवाचनासाठी दोन किंवा तीन लीळा पुरेत. मागे एकदा सहा उतारे घेतले आणि जुन्या मराठीतली रूपे सोडवण्यातच वेळ गेला, अर्थापर्यंत कुणी पोहोचले नाही. उतारे १० फेब्रुवारीपर्यंत युनिकोडमध्ये टंकलेले आणि सोबत पीडीएफ असे पाठवावेत. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे फुटतात आणि पाठभेद कोणता, टंकदोष कोणता हेच कळेनासे होते. आम्ही ४५ प्रती काढू. श्रोत्यांत ३५ विद्यार्थी, काही शिक्षक आणि पंथातील काही उपदेशी मंडळी असतील. आपली लेखी संमती असेल तरच ध्वनिमुद्रण करू.

शनिवारी, २१ तारखेला सकाळी ७.३० वाजता आपल्यासोबत ऋद्धिपूरला जायचे ठरवले आहे. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळणी केली तीही इथल्याच वाजेश्वरीच्या परिसरात. गाडीने साधारण तासाभराचे अंतर आहे. स्थानांवर पादत्राणे बाहेर काढावी लागतात, छायाचित्रे महंतांना विचारूनच घ्यायची आणि पोथ्या त्यांनी स्वतः उघडून दाखवल्या तरच पाहायच्या. विद्यार्थ्यांनाही हे आधी सांगितले जाईल. दुपारी १ पर्यंत परत येऊ.

प्रवासाबद्दल. हैदराबादहून नागपूरपर्यंत विमान आणि पुढचे सुमारे १५० किलोमीटर विभागाची गाडी, हे सर्वांत सोयीचे. नागपूरहून तीन तास लागतात. रेल्वेने येणार असाल तर तिकीट बडनेऱ्याचे काढावे. मुख्य मार्गावरच्या बहुतेक गाड्या तिथेच थांबतात, अमरावती स्थानक फाट्यावर आहे. १९ तारखेला शिवजयंती असल्याने संध्याकाळी मिरवणुकांमुळे शहरातले रस्ते बंद होतात, म्हणून दुपारी ४ च्या आत पोहोचाल असे विमान निवडावे. मुक्काम १९ आणि २० असा दोन रात्री विद्यापीठाच्या अतिथिगृहात, तळमजल्यावरच्या खोलीत. जेवण शाकाहारी आहे. पथ्य असल्यास कळवावे. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. जिने चढणे त्रासाचे असेल तर तळमजल्यावरचा वर्ग घेऊ, फक्त आठवडाभर आधी सांगावे.

मानधन बीजभाषणाचे ५,००० आणि पाठवाचनाचे ३,००० असे एकूण ८,००० रुपये. विमानाचे इकॉनॉमी वर्गाचे किंवा रेल्वेचे दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याचे जाण्या-येण्याचे भाडे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे मिळेल. निवास, भोजन आणि स्थानिक वाहन विभागाकडे. सर्व रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, रोख दिली जात नाही. त्यासाठी पॅनची प्रत, रद्द केलेला धनादेश, तिकिटे आणि दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास लागतात. बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर उतरण्यापूर्वीच त्याचे चित्र जतन करून ठेवावे, नुसत्या तिकिटावर लेखा विभाग बिल मंजूर करत नाही. पॅनवरचे आणि खात्यावरचे नाव सारखे नसेल तर आत्ताच कळवावे, बहुतेक रकमा याच कारणाने परत येतात. कागद १० मार्चपर्यंत मिळाले तर ३१ मार्चच्या आत पैसे जमा होतात. त्यानंतर आले तर नव्या वर्षाच्या तरतुदीतून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते आणि आपल्याला उगाच ताटकळावे लागेल.

आपला होकार, व्याख्यानाचे शीर्षक आणि दीडशे शब्दांचा गोषवारा २० जानेवारीपर्यंत मिळाला तर पत्रिका वेळेत छापता येईल. तारीख अडचणीची असल्यास तेही निःसंकोच सांगावे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा आठवडा वगळून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी तारीख काढू. हा विषय आपल्याविना घ्यायचा नाही, असे विभागाने ठरवले आहे.

आपली नम्र,
विभागप्रमुख, तत्त्वज्ञान विभाग

सोबत : कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा, ध्वनिमुद्रण संमतिपत्र, प्रवासखर्चाचा नमुना