विषय: चिलर टेक्निशियन, दुबई – सागर कदम यांचा अर्ज

नमस्कार देशमुख साहेब,

आपल्या दुबई ऑफिसच्या चिलर टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. जाहिरातीत मराठीतून लिहिलं तरी चालेल असं होतं, म्हणून हे पत्र मराठीत; सी.व्ही. इंग्रजीत जोडला आहे.

परळच्या एका हॉस्पिटलमध्ये ३५० टनांचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर गेली ६ वर्षं माझ्याकडे आहेत. ऑपरेशन थिएटर त्यांच्यावरच, त्यामुळे प्लांट निवांत बंद ठेवून दुरुस्ती करायची सोय नाही. कंडेन्सरचा अप्रोच दर शिफ्टला लॉगबुकात लिहितो. ट्यूब स्वच्छ असताना तो दीड अंशाच्या आसपास असतो. ३ वर गेला की हेड प्रेशरवर मशीन ट्रिप व्हायची वाट न बघता ट्यूब ब्रशिंग लावतो. हेड प्रेशर वाढलं की लोक आधी गॅसकडे बोट दाखवतात, पण आमच्याकडे बहुतेक वेळा कारण निघालं ते कूलिंग टॉवरच्या पाण्यातले क्षार. सिस्टिम उघडली तर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम, त्यानंतरच गॅस.

सेंट्रिफ्यूगल मशीनवर स्वतंत्रपणे काम केलेलं नाही, हे आधीच सांगतो. रात्रपाळी चालेल.

नोटीस पिरियड ३० दिवसांचा. पासपोर्ट २०३१ पर्यंत वैध, ईसीएनआर. व्हिडिओ कॉलसाठी दुबईचे दुपारी ४.३० नंतर, म्हणजे इथले ६ नंतर, कुठलाही दिवस द्या. फोन नंबर सी.व्ही.वर आहे.

आपला,
सागर कदम
भांडुप, मुंबई

सोबत: सी.व्ही., आयटीआय सर्टिफिकेट