इयत्ता दहावी, मराठी व्याकरण सराव : उत्तरे कारणांसह

प्र. १. संधी सोडवा : मनोरथ, दुर्जन

मनः + रथ = मनोरथ. विसर्गाआधी 'अ' आहे आणि पुढे 'र' हे मृदू व्यंजन. अशा वेळी विसर्गाचा 'उ' होतो, तो आधीच्या 'अ'मध्ये मिसळून 'ओ' होतो.
दुः + जन = दुर्जन. पुढे मृदू व्यंजनच आहे, पण विसर्गाआधी 'उ' आहे, म्हणून विसर्गाचा 'र्' झाला. दोन्ही विसर्गसंधी. विसर्गाआधीचा स्वर न पाहता उत्तर लिहिणारे इथेच फसतात.

प्र. २. पुढील वाक्यातील 'नीलकंठ' या शब्दाचा समास ओळखा : 'नीलकंठाने विष प्राशन केले.'

विग्रह : निळा आहे कंठ ज्याचा असा तो (शंकर). बहुव्रीही समास. 'निळा असा कंठ' एवढाच विग्रह केला तर कर्मधारय ठरेल. पण विष कंठ पीत नाही, शंकर पितो. दोन्ही पदांपलीकडच्या तिसऱ्याचा बोध होतो, हेच कारण उत्तरात लिहा. नुसत्या नावावर थांबू नका.

प्र. ३. समास ओळखा : पंचवटी

पाच वडांचा समूह. पहिले पद संख्याविशेषण, म्हणून द्विगू.

प्र. ४. अलंकार ओळखा : 'पिकलेले शेत जणू सोन्याची चादरच!'

उत्प्रेक्षा. शेत उपमेय, चादर उपमान. 'जणू'मुळे उपमेय हे उपमानच असावे अशी कल्पना केली आहे. 'चादरीसारखे शेत' म्हटले असते तर उपमा.