ब्लिस्टर पॅकिंग लाइन क्र. ३ : प्रमाणित कार्यपद्धती (मराठी प्रत)

ही प्रत ऑपरेटर, हेल्पर आणि शिफ्ट सुपरवायझर यांच्यासाठी आहे. 'लाइन क्लिअरन्स', 'फॉइल', 'रिजेक्ट', 'बॅच रेकॉर्ड' हे रोज वापरातले शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत. 'करायचे आहे' असे जिथे म्हटले आहे, ते प्रत्येक बॅचला आणि दिलेल्या क्रमानेच करायचे आहे. एखादे वाक्य नीट कळले नाही, तर अंदाज न बांधता काम थांबवून सुपरवायझरला विचारावे. विचारल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही.

१. लाइन क्लिअरन्स
आधीच्या बॅचची एकही गोळी, ब्लिस्टर, कार्टन किंवा माहितीपत्रक लाइनवर राहिलेले नाही, हे हॉपर, फीडर, कन्व्हेयरच्या खालची बाजू, कार्टन मॅगझिन, रिजेक्टचा डबा आणि टेबलाचा खण या सर्व ठिकाणी वाकून, हाताने चाचपून पाहायचे आहे. नुसती नजर टाकणे पुरेसे नाही, कारण जुने कार्टन बहुधा मॅगझिनच्या तळाशीच चिकटून राहते आणि त्यात नवी गोळी भरली गेली, तर रुग्णाच्या हाती चुकीच्या नावाचे औषध पडते. गुणवत्ता विभागाची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

२. छपाईची तपासणी
पहिल्या ब्लिस्टरवरील बॅच क्रमांक, उत्पादन व मुदतीची तारीख आणि किंमत एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने बॅच रेकॉर्डशी ताडून पाहायची आहे. शाई पसरली की `3` हा अंक `8` सारखा दिसतो. तसा संशय आला तरी ब्लिस्टर नापास धरावा. फॉइलचा रोल बदलल्यावर आणि मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

३. कॅमेऱ्याची चाचणी
एक खाना रिकामा ठेवलेले ब्लिस्टर मुद्दाम लाइनवर सोडायचे आहे. कॅमेऱ्याने ते बाहेर टाकले नाही, तर लाइन थांबवून मागील यशस्वी चाचणीनंतरचा सर्व माल वेगळा ठेवावा आणि गुणवत्ता विभागाला कळवावे.

४. लीक टेस्ट
ब्लिस्टर निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून, बॅच रेकॉर्डमध्ये दिलेला निर्वात दाब दिलेल्या वेळेपर्यंत ठेवायचा आहे. नंतर बाहेरून कोरडे पुसून प्रत्येक खाना उघडावा. एकाही खान्यात निळा डाग दिसला, तर चाचणी नापास समजून सीलिंगचे तापमान व दाब तपासायला कळवावे.

५. रिजेक्ट आणि नोंदी
जमिनीवर पडलेली गोळी पुन्हा हॉपरमध्ये टाकू नये. रिजेक्ट ब्लिस्टर मोजून, नोंदवून मगच नष्ट करायचे आहेत. नोंद काम झाल्याबरोबर त्याच जागी करावी. चुकलेल्या नोंदीवर मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर नोंद, कारण, सही आणि तारीख लिहावी. व्हाइटनर वापरू नये.

बॅच संपल्यावर मिळालेली, वापरलेली, रिजेक्ट झालेली आणि परत केलेली छापील सामग्री यांचा हिशोब करायचा आहे. फरक बॅच रेकॉर्डमधील मर्यादेबाहेर असल्यास पुढच्या बॅचचे लाइन क्लिअरन्स सुरू करू नये.