लग्नाच्या ब्लाउजांची मापं: इंचांवरून सेंटीमीटरमध्ये

सातारा
४ ऑक्टोबर २०२५

सौ. नंदाताई यांस,
स. न. वि. वि.

परवा फोनवर ठरल्याप्रमाणे मृणालच्या लग्नाचे तीन ब्लाउजपीस, अस्तरं आणि मापाचा एक जुना ब्लाउज भाच्याबरोबर पुण्याला पाठवते आहे. दोन ब्लाउज मृणालचे आहेत: गौरीहराला बसताना नेसायच्या पिवळ्या अष्टपुत्रीवरचा एक आणि पैठणीवरचा एक. तिसरा तिच्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा. मापं मी घरी इंचांच्या टेपने घेतली. तुमचं कटिंग सेंटीमीटरवर असतं, म्हणून प्रत्येक माप बदलून दोन्ही आकडे शेजारी लिहिले आहेत. शंका आली तर इंचांचा आकडा मूळ धरा.

सगळीकडे १ इंच म्हणजे २.५४ सें.मी. धरलं आहे. घाईत २.५ ने गुणलं तर गळ्याला फरक कळत नाही, पण मृणालच्या छातीला जवळजवळ दीड सेंटीमीटर आणि ताईच्या छातीला दीडपेक्षा थोडं जास्त कमी भरतं. तेवढ्यानेही हुक ताणतात. घेराची मापं जवळच्या अर्ध्या सेंटीमीटरवर आणली आहेत. उंची, खांदा आणि टक्सची मापं मिलिमीटरपर्यंत ठेवली आहेत. गळ्याच्या खोलीत मात्र मिलिमीटरच्या पुढचा अपूर्णांक सोडून दिला, कारण कमी कापलेला गळा नंतर वाढवता येतो, जास्त कापलेला भरता येत नाही.

इंचांचे अपूर्णांक मुद्दाम पाव-अर्धा-पाऊण असे लिहिले आहेत. काही जणी टिंब देऊन पुढे सूत लिहितात, म्हणजे त्यांच्या १४.४ चा अर्थ साडेचौदा. या कागदावर तसं कुठेही नाही. सेंटीमीटरच्या आकड्यातलं टिंब हे साधं दशांशाचंच आहे.

मृणाल (अंगावरची मापं, सैलपणा धरलेला नाही)

वरची छाती, काखेतून: साडेबत्तीस इंच, ८२.५ सें.मी.
छाती: पावणेपस्तीस इंच, ८८.५
छातीखालचा घेर: साडेएकोणतीस इंच, ७५
ब्लाउजच्या खालच्या कडेशी घेर: पावणेएकोणतीस इंच, ७३
उंची, खांद्यापासून, तयार: साडेचौदा इंच, ३६.८
खांदा, पाठीवरून पूर्ण: १४ इंच, ३५.६
मुंढा गोल: साडेपंधरा इंच, ३९.५
दंडाचा घेर: पावणेअकरा इंच, २७.५
टक्स पॉइंट, खांद्यापासून: पावणेदहा इंच, २४.८
दोन टक्स पॉइंटमधलं अंतर: साडेसात इंच, १९
पुढचा गळा: साडेसहा इंच, १६.५
मागचा गळा: ९ इंच, २२.८
पैठणीची बाही, कोपरापर्यंत: साडेदहा इंच, २६.७, मोहरी १० इंच, २५.५
पिवळ्याची बाही: ६ इंच, १५.२, मोहरी साडेदहा इंच, २६.५

मापं घेताना तिने लग्नात घालायची तीच ब्रा घातली होती. पॅड नको म्हणते, तेव्हा कप बसवू नका. पॅड घातले तर छातीचं आणि टक्स पॉइंटचं माप दोन्ही बदलतील आणि वरचे आकडे उपयोगाचे राहणार नाहीत.

सैलपणा असा धरावा असं वाटतं: छातीला एकूण २.५, छातीखाली १.३, मुंढ्याला १.५, दंडाला ३. म्हणजे तयार ब्लाउजची छाती ९१ आणि चौथा भाग २२.७५ येतो. आधी पूर्ण घेरात सैलपणा मिळवून मग चार भाग करावेत. चौथा भाग काढून तो वर-खाली केला की ती चूक चारपट होऊन छातीला बसते.

पैठणीच्या बाहीची मोहरी हात कोपरात वाकवून घेतली आहे, म्हणून सरळ हाताच्या मानाने मोठी दिसेल. ती कमी करू नका. जरीचा काठ अस्तरासकट ताठ होतो, अजिबात देत नाही. सरळ हातावर माप घेतलेली बाही हार घालायला हात वर केला की कोपराला काचते. उलट मोहरीत आणखी १ सें.मी. सोडलंत तर बरं.

मागचा गळा खोल आहे आणि पूर्ण खांदा धरून कापला तर ब्लाउज खांद्यावरून घसरणार. म्हणून खांद्यात एकूण अर्धा इंच, म्हणजे १.३ सें.मी. कमी करून ३४.३ वर कापा. खांदापट्टी तयार ३ इंच, ७.६ हवी. त्या हिशेबाने गळ्याची अर्धी रुंदी साडेनऊ सेंटीमीटर येते. त्याहून रुंद नको. मागे डोरी लावा, पण ती खांद्याच्या शिलाईपासून साधारण ५ सें.मी. खाली. लटकन हलकं लावा. मणी-घुंगरांचं जड लटकन डोरीची गाठ सोडवतं आणि शालूच्या, पैठणीच्या जरीत अडकून धागा ओढतं, ते वेगळंच.

हुक पुढे, सहा. हुकपट्टी गळ्यापासून खाली २०.३ भरते. पहिलं हुक गळ्यापासून अर्ध्या सेंटीमीटरवर आणि पुढची ३.९ च्या अंतराने घेतलीत की तिसरं हुक गळ्यापासून ८.३ वर येतं. ती जागा बरोबर टक्स पॉइंटच्या रेषेत आहे. तिथे हुक नसलं की बसल्यावर पट्टीची फट पडते, मग पिन लावत बसावं लागतं.

पैठणीचा पीस ८० सें.मी. लांब आहे आणि पन्हा ११४ भरला. काठ ४ इंच, म्हणजे १०.२. दोन्ही बाह्या एकाच काठावर शेजारी-शेजारी बसतात: दंडाला सैलपणा आणि दोन्हीकडची माया धरून एक बाही साडेछत्तीस होते, दोन्हींना ७३. सात सेंटीमीटर उरतात, तेव्हा कागद ठेवून आधी खात्री करून घ्या आणि मगच कात्री लावा. काठावर मुनियांची रांग आहे. दोन्ही बाह्यांवर पोपटांची तोंडं समोरच्या बाजूला यावीत असं मृणालला वाटतं. एकाच काठावर शेजारी कापल्या तर ते जमणार नाही, एका बाहीवर पोपट पाठीकडे बघतील. त्यासाठी एक बाही दुसऱ्या काठावर काढावी लागेल, आणि मग पाठीच्या खालच्या कडेला काठ उरणार नाही. पाठीचा काठ सोडा, पोपट सांभाळा. पदर पाठीवरून जातो, तिथे कुणाची नजर जात नाही. पीस उलगडून पोपट कुठल्या दिशेला जातात ते दोन्ही काठांवर आधी बघून घ्या, सगळ्या पिसांवर ते सारखे नसतात.

अस्तर सुती आहे आणि भिजवलेलं नाही. रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्याला आटतं आणि वरचं रेशीम फुगून गळ्याला सुरकुत्या येतात. पैठणीला अस्तर आधी कच्च्या दोऱ्याने जोडून मग शिलाई मारावी, कापलेल्या कडेची जर लगेच सुटते. ११ नंबरची नवी सुई घाला. टाचण्या फक्त मायेत टोचा, रेशमावर भोकं राहतात. इस्त्री जरीवर थेट नको, वर सुती फडकं ठेवा.

माया बगलेला दोन्हीकडे दीड-दीड इंच, म्हणजे ३.८ ठेवा. लग्नाआधी मुली बारीक होतात आणि लग्नानंतर महिनाभरात पुन्हा भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुंढ्यात मात्र १ सें.मी. पुरे, तिथे जास्त माया राहिली की काखेत गोळा होते.

मृणालची आई

वरची छाती: पावणेअडतीस इंच, ९६ सें.मी.
छाती: साडेचाळीस इंच, १०३
छातीखालचा घेर: ३६ इंच, ९१.५
खालच्या कडेशी घेर: साडेछत्तीस इंच, ९२.५
उंची, तयार: साडेपंधरा इंच, ३९.४
खांदा: १५ इंच, ३८.१
मुंढा गोल: १८ इंच, ४५.५
दंडाचा घेर: सव्वातेरा इंच, ३३.५
बाही: साडेनऊ इंच, २४.१, मोहरी १२ इंच, ३०.५
टक्स पॉइंट: पावणेअकरा इंच, २७.३, दोघांमधलं अंतर साडेआठ इंच, २१.६
पुढचा गळा: ६ इंच, १५.२
मागचा गळा: साडेसहा इंच, १६.५

ताईला छातीला ४ सें.मी. सैलपणा द्या, तिला घट्ट सोसत नाही. तिचा उजवा खांदा अर्धा इंच, १.३ सें.मी. खाली आहे. दोन्ही खांदे सारखे कापले की उजवीकडे मुंढ्याजवळ घडी पडते. उजव्या खांद्याचा उतार तेवढा वाढवून त्याच बाजूचा मुंढाही तेवढाच खाली घ्या, नाहीतर मुंढा लहान होऊन हात अडकेल. पुढचा भाग पाठीपेक्षा १ सें.मी. लांब ठेवून तो बगलेच्या टक्समध्ये घ्या. तिचे तयार ब्लाउज पुढून वर चढतात, ते यासाठीच. कटोरी नको, साधे चार टक्स.

सोबतचा जुना ब्लाउज ताईचा आहे. तो फक्त गळ्याचा आकार आणि हुकपट्टीची रुंदी बघायला. छातीला तो उसवून वाढवलेला आहे, तेव्हा त्यावरून घेर घेऊ नका.

कापण्याआधी एकदा तुमचा टेप माझ्या आकड्यांशी ताडून बघा. दुहेरी टेपवर २० इंचांसमोर ५०.८ आणि ६० इंचांसमोर १५२.४ यायला हवेत. वापरून ताणलेल्या टेपवर ते येत नाहीत. आणि सेंटीमीटरची बाजू दुसऱ्या टोकापासून सुरू होत असेल तर समोरासमोर वाचू नका.

लग्न २९ नोव्हेंबरला आहे. दिवाळीची गर्दी तुमच्याकडे किती असते ते ठाऊक आहे, त्यामुळे भाऊबीज होईपर्यंत घाई करत नाही. १ नोव्हेंबरला आम्ही तिघी ट्रायलला येतो. तोवर मृणालचा पिवळा ब्लाउज पूर्ण करा आणि बाकी दोन ब्लाउजांच्या बगला कच्च्या दोऱ्यावर ठेवा, बाह्या जोडू नका. पिवळा अंगावर नीट बसला की त्यावरूनच पैठणीचा पक्का करता येईल. तिन्ही ब्लाउज १५ नोव्हेंबरपर्यंत हवेत.

शिलाईचे अर्धे पैसे भाच्याकडे पाठवते आहे. पिसांतून उरलेले तुकडे, विशेषतः पैठणीच्या काठाचे, टाकू नका; बटव्याला लागतील. मागच्या गळ्याला पायपिंग त्याच रंगाचं करायचं की जरीचं, हे मृणाल तुम्हाला रविवारी फोन करून सांगेल.

कळावे,
आपली,
मंगल (मृणालची मावशी)