डॉक्टर मॅडमना पत्र

पुणे, ९ सप्टेंबर

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात धड चार शब्द बोलणं कधी झालंच नाही. मागे कुणीतरी लॅब्राडॉर घेऊन उभं असायचं आणि आमची मांजरबाई पिशवीतून गळा काढत असायची. म्हणून हे पत्र.

जुलैमध्ये पावसाच्या भीतीने ही कुणाच्या तरी बॉनेटमध्ये शिरली. गाडी सुरू झाली, ही किंचाळत पळाली आणि तीन दिवसांनी जिन्याखाली सापडली. शेपटीची कातडी सोललेली, जखमेत किडे. शेजारचे म्हणाले, टर्पेंटाइन ओता. एका दवाखान्यात तर हातही न लावता ‘भटकी आहे ना, सोडून द्या’ म्हणाले. तुम्ही मात्र केसपेपर पुढे ओढून विचारलंत, ‘नाव काय लिहू?’ मी म्हटलं, अहो, भटकी आहे. तुम्ही ‘चिंगी’ लिहिलंत आणि त्यापुढे सरळ माझं आडनाव!

चिमट्याने एकेक किडा काढताना तुम्ही तासभर मान वर केली नव्हती. मी बाहेर जाऊन उलटी करून आले, ते तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. माझ्या हातावरचे ओरखडे बघून मला रेबीजच्या इंजेक्शनसाठी पिटाळलंत, तेही तुम्हीच. मी तर घरी जाऊन हळद लावणार होते.

शेपूट काढावी लागली याचं वाईट वाटलं, पण खरी धडकी भरली ती ‘लघवीची नस दुखावली आहे’ हे ऐकून. परत येईल की नाही सांगता येत नाही, महिनाभर वाट पाहू, असं स्पष्ट म्हणालात. खोटा धीर दिला नाहीत. माझी बोटं धरून तिच्या पोटावर ठेवलीत, ‘लघवीची पिशवी लिंबाएवढी लागतेय ना? हळू दाबा.’ त्या रात्री साडेदहाला मी घाबरून फोन केला, तेव्हा तुम्ही जेवत होतात बहुतेक. तरी न चिडता सगळं पुन्हा सांगितलंत. मग रोज तीनदा मोरीत आमचा कार्यक्रम, हे धरणार, मी दाबणार.

चोविसाव्या दिवशी सकाळी दारातलं पायपुसणं ओलं! एरवी यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, त्या दिवशी मुलीला झोपेतून उठवून दाखवायला आणलं.

आता ती वाळूच्या ट्रेमध्ये जाते. जुन्या एक्स-रे फिल्मची तुम्ही केलेली कॉलर मी जपून ठेवली आहे. सोसायटीतली पोरं तिला ‘लांडी’ म्हणतात आणि ती त्या नावालाच ओ देते, चिंगीला नाही.

तुमचा पिंजरा शनिवारी मुलीबरोबर पाठवते. दाराची कडी तिने वाकवली होती, ती यांनी नीट करून दिली आहे. सोबत डब्यात नारळाच्या वड्या आहेत, कंपाउंडरदादांनाही द्या. तिची नसबंदी दिवाळीआधी करायची का, तेवढं चिठ्ठीवर लिहून पाठवा.

आपली,
सुनंदा (लांडीवाली)